वळकटीनं प्यायलेलं पाणी

समजा, तुमच्यासमोर एक पत्र्याची ट्रंक उघडी पडली आहे. बाजूला दोन गोधड्या, एक सतरंजी, डब्यांचा ढीग आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं. संध्याकाळी नांदेडहून गाडी आहे, सकाळी ती मनमाडला पोचणार, तिथं गाडी बदलून पुढे इगतपुरी. बरोबर चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. मुलगी दर तासाला काहीतरी खायला मागणार, मुलगा दर तासाला लंगोट ओला करणार. आता सांगा, ट्रंकेत सगळ्यात खाली काय ठेवाल? सगळ्यात वर काय ठेवाल? आणि घरीच काय सोडाल?

पंचशीलावहिनींना हा प्रश्न पडला तेव्हा लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि अहमदपूरच्या आमच्या गल्लीत टँकरशिवाय पाणी उरलं नव्हतं. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, निवृत्तीदादाची बायको. दादा इगतपुरीला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होता. बरीच वर्षं खोली मिळत नव्हती. ती त्या उन्हाळ्यात मिळाली, आणि दादानं घरच्यांसाठी रेल्वेचा पास काढून पाठवला. त्याला स्वतःला रजा मिळाली नाही. सकाळच्या गाडीला मनमाडला येऊन उभा राहतो, एवढंच त्यानं कळवलं.

अडचण छोट्या रत्न्याची होती. राजरत्न त्याचं नाव, पण एवढ्याशा जिवाला एवढं नाव कोण घेणार? महिन्यापूर्वी त्याला हगवण लागली होती. सरकारी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. बरा झाला, पण मान बारीक झाली, डोळे मोठे दिसायला लागले. घरी सोडताना सिस्टर म्हणाली, "अंगावरचं दूध चालू ठेवायचं. वरचं पाणी फक्त उकळलेलं. प्रवासातसुद्धा. नळाचं एक चमचा द्यायचं न्हाई."

धुरपताबाईंनी, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंनी, ते ऐकलं आणि निकाल देऊन टाकला.

"तू जा सुजाताला घेऊन. लेकरू राहू दे माझ्यापाशी. दिवाळीला आणून सोडते."

"अंगावर पितंय ना आत्या ते. तुमच्यापाशी कसं राहील?"

"शेळी हाय दारात."

बहात्तरच्या दुष्काळात धुरपताबाईंची एक मुलगी अशाच हगवणीनं गेली होती. त्या ते कधी बोलायच्या नाहीत. पण लेकराच्या पोटाचा विषय निघाला की त्यांच्याशी वाद घालायला गल्लीत कोणी धजत नसे. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की धुरपताबाई मनमाडपर्यंत बरोबर येणार. मनमाडला लेकरू ठणठणीत उतरलं तर सगळेच पुढे इगतपुरीला. वाटेत त्याचं पोट जरा जरी बिघडलं, किंवा उकळलेलं पाणी संपलं, तर धुरपताबाई त्याला काखेत घेऊन उलट्या गाडीनं वापस.

"कबूल?" त्यांनी विचारलं.

"कबूल," वहिनी म्हणाल्या आणि सामान बांधायला बसल्या.

त्यांची बांधायची रीत मला अजून आठवते, कारण ती मला शिकवून आली नसती. त्या आधी सामान गोळा करत नव्हत्या, आधी रात्र डोळ्यांसमोर आणत होत्या. "गाडीत चढल्यावर पहिलं काय होईल? सुजी म्हणेल भूक लागली. म्हणजे मुरमुरे वर." असं मोठ्यानं बोलत त्या एकेक वस्तू उचलायच्या. जे पहिल्यांदा लागणार ते वर, जे मनमाडलाच लागणार ते तळाला. लंगोट, त्यांच्याखाली अंथरायचा रबरी कापडाचा तुकडा, पुसायला फडकं, हे ट्रंकेत नाहीच. ते खांद्याच्या पिशवीत. ट्रंक उघडायची म्हणजे शेजाऱ्यांचे पाय उचलायला लावायचे, हे त्यांना एसटीच्या प्रवासानं शिकवलं होतं.

खाण्याचं त्यांनी उन्हाच्या हिशोबानं ठरवलं. रात्रीच्या जेवणाला दशम्या. दशमीचं पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवतात, म्हणून ती मऊ राहते आणि भाकरीसारखी लवकर आंबत नाही. दूध शेळीचं, तेही थोडं, म्हणून दशम्या मोजक्याच. सकाळसाठी कडक भाकरी, आमच्याकडची, पापडासारखी वाळवलेली. ती महिनाभरसुद्धा राहते. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, कांदे. बटाट्याची भाजी शेजारणीनं करून आणली होती, ती त्यांनी तिथंच आम्हाला खायला घातली. "उकडलेला बटाटा या उन्हात डब्यात कोंडला की अंधार पडायच्या आत वास मारतो," त्या म्हणाल्या. रत्न्यासाठी तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून दळलेलं पीठ. गरम पाण्यात कालवलं, गूळ घातला की झालं. मुरमुरे त्यांनी कडीच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरले, कारण पिशवीत त्यांचा भुगा होतो.

मग कुलूप आणि साखळी आली, ट्रंक बाकाच्या पायाला बांधायला. हातबत्ती आली, तिचे सेल वहिनींनी दुकानातच लावून बघितले होते. सिस्टरनं दिलेली साखर-मिठाची पुडी आली. आणि सुजीच्या कमरेला बांधायला एक लांब नाडी.

"पोरगी हाय का शेळी?" धुरपताबाई म्हणाल्या.

"गर्दीत हात सुटतो आत्या. नाडी न्हाई सुटत. गळ्यात कधी बांधायची न्हाई, कमरेलाच."

सुजीला नाडी आवडली. ती दिवसभर "मी शेळी, मी शेळी" करत घरभर फिरली.

खरा झगडा स्टोवरून झाला. धुरपताबाईंनी रॉकेलचा छोटा स्टो आणि रॉकेलची बाटली गोधडीत गुंडाळून ठेवली होती. वहिनींनी वळकटी उकलून दोन्ही बाहेर काढलं.

"आगं, लेकराचं पाणी कुठं उकळशील?"

"घरून उकळून नेऊ. गाडीत स्टो न्हाई पेटवायचा आत्या. हे लिहून पाठवलंय यांनी. एक धक्का बसला की पेटती वात पोरीच्या अंगावर."

"सगळे नेतात."

"नेऊ द्या."

स्टो घरी राहिला. पण धुरपताबाईंच्या मनात तो गाडीत चढला होता, असं नंतर कळलं.

आता पाणी न्यायचं कशात? मातीचं काही नको, फुटणार. पितळी घागर जड, आणि दोन पोरांच्या लाथांत ती उभी राहणार नाही. वहिनींनी आठवडी बाजारातून कॅनव्हासची नवीकोरी छागळ आणली. हिरवट रंग, लाकडी बूच, टांगायला दोरी. छागळ तुम्ही पाहिली असेलच. तिच्या जाड कापडातून पाणी थोडं थोडं बाहेर झिरपतं, ते हवेनं उडून जातं, आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं गार. मी नुकतीच पदविका घेतलेली असल्यामुळे हे सगळं मी उत्साहानं समजावून सांगितलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गार होतं. ते ठावं हाय."

पण नवी छागळ वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी लागते. धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात, मगच ती पाणी धरते. हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. वहिनींना माहीत होतं, धुरपताबाईंनाही होतं. पण त्या वर्षी बादलीभर पाणी छागळीला पाजायचं कोणाच्या जिवावर आलं नाही.

"माणसाला प्यायला न्हाई, आन् हिला आंघोळ?" धुरपताबाई म्हणाल्या.

"झिरपंल थोडी. झिरपली तर गारच होईल," वहिनी म्हणाल्या.

सासूसुनेचं आठवडाभरात एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

दुपारच्या एसटीनं लोह्यावरून त्या नांदेडला पोचल्या. स्टेशनजवळ वहिनींची बहीण सिंधु राहायची. तिथं चुलीवर पातेलंभर पाणी चांगलं खळखळ उकळलं, झाकून गार केलं आणि गाडीच्या वेळेला छागळीत भरलं. चमच्यानं पाजायला म्हणून टॉनिकची एक रिकामी बाटली उकळून घेतली होती, तीही भरली. छागळ भरताच तिच्या अंगावर थेंब उभे राहिले.

"पाझरायला लागली बघ," सिंधु म्हणाली.

"चांगलं हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "गार लागंल."

लहान गाडी होती ती, मीटरगेजची. डब्यात लाकडी बाकं, खिडक्यांना आडवे गज. वहिनींनी आधी साखळी घातली, मग सुजीची नाडी स्वतःच्या मनगटाला बांधली, आणि छागळ वरच्या बाकाच्या लोखंडाला टांगली. बाहेर खिडकीला टांगली असती तर वारा लागला असता, पण एखाद्या स्टेशनात कोणी दोरी कापली की पाणी गेलं. शिवाय कोळशाची राख उडते.

गाडी सुटून थोडा वेळ झाला नाही तोच खाली बसलेले एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून बघायला लागले.

"बाई, तुमची छागळ लई पाझरून राहिली. माझी मुंडी भिजली."

"गार लागत असंल की काका," धुरपताबाई म्हणाल्या.

"गार लागतंय, पण मी आंघोळ करून आलोय घरून."

आजूबाजूचे हसले. वहिनींनी छागळ काढली आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून बाकाखाली, बांधलेल्या वळकटीवर आडवी ठेवली. तेवढ्यात रत्न्या रडायला लागला. त्याला घेतलं, पाजलं, लंगोट बदलला. सुजीला मुरमुरे दिले. सुजीनं शेजारच्या काकांना मुरमुरे दिले. बाहेर अंधारून आलं होतं, पूर्णा जंक्शन जवळ येत होतं.

छागळ आडवी ठेवायची नसते. तिचं बूच नुसतं तोंडात बसवलेलं असतं, पाणी अडवणारं नसतं. आणि खाली कापसाची गोधडी. न भिजवलेलं नवं कापड आणि कोरडी गोधडी एकमेकांना टेकले की काय होतं, हे मी आता कागदावर आकृती काढून दाखवू शकतो. वहिनींना ते सुजीच्या पायानं दाखवलं. सुजी बाकावरून खाली उतरली आणि म्हणाली, "माय, इथं पाऊस पडलाय."

वहिनींनी बत्ती खाली नेली. छागळ पोट आत गेलेल्या म्हातारीसारखी वळकटीवर पसरली होती. तळाशी घोटभर पाणी. दोन्ही गोधड्या, वरची पूर्ण, खालची अर्धी, पिऊन जड झालेल्या. सतरंजीचं एक टोक तेवढं कोरडं.

धुरपताबाईंनी गोधडी हातानं दाबून बघितली. मग त्यांनी रत्न्याला वहिनींच्या मांडीवरून उचललं.

"बाटलीत किती हाय?"

"अर्धी हाय."

"रात्र काढंल का त्यात?"

हवा भट्टीसारखी होती, रत्न्याचे ओठ कोरडे पडत होते. दूध होतं अंगावर, पण दिवसभराच्या दगदगीनं तेही कमी वाटत होतं.

"पूर्णा आलं की उतरते मी ह्याला घेऊन," धुरपताबाई म्हणाल्या. "कबूल केलंस तू. स्टो आणला असता तर आज ही पाळी आली असती का? पण न्हाई. मालकानं लिहून पाठवलं, मालकानं लिहून पाठवलं!"

"आत्या, उलटी गाडी कवा हाय ते तरी ठावं हाय का तुम्हाला? रात्रभर त्या फलाटावर बसणार लेकराला घेऊन? तिथं तर अर्धी बाटलीबी न्हाई."

"मग काय करू म्हणतीस?"

"पूर्णेला गाडी लई थांबते. इंजिन पाणी घेतं. मला उकळून आणू द्या. न्हाई जमलं तर मी पण उतरते तुमच्यासंगं. चौघं वापस जाऊ. मग तर झालं?"

धुरपताबाईंनी सुनेकडं पाहिलं. चौघं वापस, हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. तिकडं लेकाची खोली रिकामी राहिली असती.

गाडी पूर्णेला लागली तेव्हा वहिनींनी मनगटाची नाडी सोडून धुरपताबाईंच्या मनगटाला बांधली. कडीच्या डब्यातले मुरमुरे एका कोरड्या लंगोटात ओतले. तो धुतलेला होता, तरी शेजारच्या काकांनी नंतर मुरमुरे नको म्हटलं. रिकामा डबा आणि फडकं घेऊन त्या खाली उतरल्या.

पहिल्यांदा त्या इंजिनाकडं धावल्या. त्यांना वाटलं, एवढी वाफ निघते तर आत पाणी उकळलेलंच असणार. वर फायरमन घाम पुसत उभा होता.

"भाऊ, डबाभर गरम पाणी द्या. लेकराला प्यायला."

"प्यायला?" तो वाकून म्हणाला. "न्हाई बाई. त्यात आम्ही औषध टाकतो, आत पुट चढू नये म्हणून. इंजिनाच्या पोटाला चालतं, लेकराच्या न्हाई. चहावाल्याकडं जा, तिकडं."

फलाटावर नळ होता आणि नळाला रांग होती. धार करंगळीएवढी. वहिनींनी डबा पुढे करून नुसतं "लेकरू आजारी हाय" म्हटलं आणि दोन बायांनी त्यांना पुढे घेतलं. पाऊण डबा भरून त्या चहाच्या गाड्यावर गेल्या. गाड्यावर एक जाडजूड माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, एका हातानं चहा गाळत आणि दुसऱ्या हातानं कप देत होता.

"भाऊ, एवढं पाणी उकळून द्या."

"चहा किती?"

"चहा न्हाई. नुसतं पाणी."

"साखर न्हाई, पत्ती न्हाई, दूध न्हाई? असलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघून राहिलो." त्यानं शेजारच्या बंबाकडं बोट केलं. "त्यातलं घ्या की गरम."

वहिनींनी बंबाची तोटी जरा सोडून बोटावर घेतली. चटका बसला, पण झाकण उचलून बघितलं तर पाणी शांत होतं. बुडबुडा नव्हता.

"हे तापलंय भाऊ. उकळलं न्हाई."

"तापलं आन् उकळलं यात काय फरक हाय अक्का?"

"सिस्टर म्हणाली, फरक हाय."

"कुठली सिस्टर?"

"अहमदपूरची."

चहावाला थांबला. "अहमदपूर? जिल्हा उस्मानाबाद?"

"न्हाई, आता लातूर."

"हां हां, लातूर! तोंडात बसलंच न्हाई अजून. मी देवणीचा, चन्नबसप्पा. म्हणजे मीबी आता लातूर जिल्ह्यातलाच की. जिल्हा नवा झाला तेव्हा भाऊ म्हणाला पत्ता बदल, मी म्हटलं पत्ता बदलून पाणी येणार हाय का?" तो स्वतःच हसला, आणि हसता हसता त्यानं चहाचं भांडं भट्टीवरून उचलून बाजूला ठेवलं. "ठेवा डबा. ओ मंडळी, चहाला थांबा. आमच्या जिल्ह्याचं लेकरू तान्हेलं हाय."

"कोणता जिल्हा?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"तुमचा न्हाई!" चन्नबसप्पा म्हणाला.

भट्टी फुललेली होती, तरी पाण्याला वेळ लागत होता. वहिनी एकदा डब्याकडं बघत, एकदा गाडीकडं. खिडकीत धुरपताबाईंचा चेहरा दिसत होता आणि त्यांच्या खांद्यावर रत्न्याचं डोकं. डब्याच्या तळाशी बारीक बुडबुडे आले. मग कडेनं माळ धरली. मग इंजिनानं शिटी दिली.

"उचला अक्का," चन्नबसप्पा म्हणाला.

"उकळी येऊ द्या."

"गाडी जाईल!"

"येऊ द्या म्हटलं ना भाऊ."

आणि उकळी फुटली. सगळं पाणी खालून वर उलटायला लागलं. वहिनींनी अर्धा श्वास घेण्याएवढं थांबून फडक्यानं कडी धरली, झाकण सैलसर ठेवलं आणि त्या निघाल्या. गरम पाणी घेऊन पळता येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. भरभर चालताही येत नाही. गाडी हलली तेव्हा त्या दारापासून थोड्या लांब होत्या. दारातल्या एका शिपायानं हात पुढे केला, पण त्यांनी त्याला आधी डबा दिला. "सांभाळून, उकळतं हाय," म्हणाल्या आणि मग दांडी धरून वर चढल्या. चालत्या गाडीत असं चढायचं नसतं, हे त्यांनी मला सांगताना दोनदा सांगितलं.

आता दुसरी पंचाईत. उकळतं पाणी, हलणारी गाडी आणि दोन लेकरं. बाकावर ठेवता येत नाही, पायाशी ठेवता येत नाही. वहिनींनी ट्रंक आत ढकलली, ट्रंक आणि गाडीची भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात पाण्याचा डबा अंगासरशी बसला. सुजीला बाकावर, पलीकडच्या टोकाला, काकांच्या शेजारी बसवलं. मग त्यांनी ती भिजलेली गोधडी ओढली आणि डब्याभोवती गुंडाळली.

"आता गोधडीला काय शिजवतीस?" धुरपताबाईंनी विचारलं.

"पाणी पिऊन बसलीय. जरा काम करू द्या तिला."

मी हे ऐकलं तेव्हा मांडीवर थाप मारली होती. ओली गोधडी वाऱ्यानं सुकत गेली आणि सुकताना डबा गार करत गेली. छागळीनं जे करायचं ते वळकटीनं केलं. परभणीच्या अलीकडं वहिनींनी मनगटावर थेंब टाकून बघितला, कोमट. थोडं वाटीत घेऊन त्यात पीठ कालवलं, गूळ चुरला. रत्न्यानं पहिला घास थुंकला, दुसरा चाटला, तिसऱ्याला वाटीच ओढली. धुरपताबाई चमच्याकडं बघत होत्या. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि दशम्यांचा डबा उघडला. तोवर कोणी जेवलंच नव्हतं.

"चटणी तिखट झालीय," त्या म्हणाल्या. रात्रभरात सुनेशी बोललेलं हे त्यांचं पहिलं घरगुती वाक्य.

अंथरुणाचे मात्र हाल होते. सतरंजीच्या कोरड्या टोकावर सुजी आणि तिच्या अंगावर ट्रंकेतलं आजीचं लुगडं. रत्न्यासाठी वहिनींनी जुन्या लुगड्याची झोळी केली, बाकाच्या दोन बाजूंच्या लोखंडांना बांधून. धुरपताबाईंना ती उंच हवी होती, वारा लागतो म्हणून. वहिनींनी ती बाकापासून वीतभरच वर ठेवली. "सुटली तरी बाकावरच पडंल," त्या म्हणाल्या, आणि गाठीत स्वतःचं वजन टाकून बघितलं. गाडी हलत होती, झोळी आपोआप हलत होती. झोका देणारं कोणी नको. काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मलाबी एक बांधा."

मनमाडला निवृत्तीदादा फलाटावर उभा होता. दाढी केलेली, पण एका गालावर साबण राहिलेला. धुरपताबाई रत्न्याला घेऊन आधी उतरल्या. दादानं हात पुढे केले तर त्या म्हणाल्या, "थांब." त्यांनी लेकराचा लंगोट चाचपला, पोटावर हात फिरवला, टाळू बघितली, ओठ बघितले. रत्न्यानं त्यांच्या नाकातली नथ धरली आणि ओढली. जोरात.

"आय गं! जोर हाय की मेल्यात," धुरपताबाई म्हणाल्या आणि त्याला दादाच्या हातात दिलं.

"तू वापस जाणार होतीस म्हणं?" दादानं विचारलं.

"जाईन की. आठ दिवसांनी. तुझ्या गावाला पाणी हाय म्हणतोस ना, मग माझी लुगडी तरी धुऊन जाते."

त्या आठ दिवसांचे दोन महिने झाले, कारण मृग लागला आणि इगतपुरीला पाऊस असा बसला की ओल्या गोधड्या वाळायलाच तयार नव्हत्या. वळकटीशिवाय जायचं कसं, असं धुरपताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात छागळ बादलीत बुडवून ठेवली. रात्रभर, काठोकाठ पाण्यात. आता ती थेंबाथेंबानंच पाझरते.

मी दिवाळीला गेलो तेव्हा रत्न्या धरून धरून चालत होता. वहिनींनी चहा केला आणि भांड्यात उकळी आली तशी त्या गॅसकडं बघत राहिल्या. मग मला विचारलं.

"भाऊजी, तुम्ही यंत्राचं शिकलात. एक सांगा. इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरला मी नंतर विचारलं, ती म्हणाली, चांगलं दहा मिनिटं उकळायचं. शेजारची म्हणते, एक उकळी लई झाली. यांना विचारलं तर हे म्हणतात, आता कशाला विचारतीस, पोरगं तर चालून राहिलं. पण मला ते ठावं करून घ्यायचंय. पूर्णेला गाडीनं शिटी मारली आन् मी उकळी फुटल्या फुटल्या डबा उचलला. मग ते पाणी तेवढ्यात लेकराच्या पोटाला चांगलं झालं होतं, का ते कच्चंच होतं आन् आमचं तसंच निभावलं?"